लग्नाआधीचं मृत्युपत्र

वकील फिलिपोस यांनी कागद वाचला, उलटा करून मागचा शिक्का पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "डोमिनिकचं लग्न कधी झालं?"

एलीक्कुट्टीला हा प्रश्न आवडला. भाऊ जाऊन महिना उलटला होता. तेव्हापासून जो तो तिला विचारत होता की छातीत कधी दुखलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी काही बोलला का. लग्नाचं कुणी विचारलं नव्हतं. ती खुर्चीत जरा सावरून बसली.

"ह्या कागदानंतर तीन वर्षांनी. ईस्टर झाल्यावरच्या सोमवारी. मीच जमवलं. मुलगी एरुमेलीची, साली नाव. बिचारी गेली लवकरच. पण हा कागद त्याच्या आधीचा हं, वकीलसाहेब. पक्का आहे. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात मी स्वतः गेले होते त्याच्याबरोबर."

"आधीचा," वकील म्हणाले. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरून हात काढून घेतला.

शेजारी बसलेल्या वर्कीच्चनने मान पुढे काढली. हा एलीचा थोरला भाऊ. स्वतःच्या वाट्याची रबराची बाग विकून त्याला पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दुसऱ्याच्या वाट्यात काय चाललंय याकडे त्याचं बारीक लक्ष असे. आज तो बहिणीला सोबत म्हणून आला होता, निदान बायकोला तरी तसं सांगून निघाला होता.

"चेच्ची," वकील थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाले, "आपल्या ख्रिस्ती लोकांना जो कायदा लागू आहे ना, त्यात माणसाने लग्न केलं की आधी लिहिलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. फाडावं लागत नाही, कुणाला कळवावं लागत नाही. रजिस्टर केलेलं असलं तरी तेच. लग्नानंतर त्याने नव्याने लिहायला हवं होतं. लिहिलं का?"

"कशाला लिहील? हे होतं ना कपाटात."

"मग मृत्युपत्र नाहीच असं धरायचं."

एलीक्कुट्टी कागदाकडे बघत राहिली. डोमिनिकची सही स्वच्छ दिसत होती. साक्षीदार दोघंही अजून जिवंत होते, त्यातला एक तर रोज सकाळी चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसायचा. माझ्या पश्चात घर आणि भोवतालची जमीन माझी बहीण एलीक्कुट्टी हिची, आई-वडिलांनी तिच्यासोबत तिथेच राहावं, असं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं.

"बरं, मग वाटणी," वर्कीच्चन म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "अप्पच्चन आहे, अम्मच्ची आहे, म्हणजे आईबाप दोघं हयात, आम्ही दोघं भावंडं आहोत, त्याची दोन पोरं आहेत. सहा माणसं झाली."

"दोन," वकील म्हणाले.

"दोन कशी?"

"बायको हयात असती तर तिला तिसरा हिस्सा आणि उरलेलं मुलांना. बायको नाही, म्हणजे सगळं मुलांना. मुलगा-मुलगी निम्मं-निम्मं. मुलं असताना आई-वडिलांचा नंबर लागत नाही, आणि भावंडांचा तर नाहीच नाही."

"अहो, घर अप्पच्चनने दिलंय त्याला! स्वतःच्या हाताने!"

"दिलं म्हणजे गेलं, वर्कीच्चा. देताना मरेपर्यंत राहायचा हक्क राखून ठेवला होता का? नव्हता. मी तो दस्तही पाहिलाय. डोमिनिकला मूलबाळ नसतं, तर सगळंच्या सगळं अप्पच्चनच्या नावावर आलं असतं. अप्पच्चनही नसता, तर अम्मच्ची आणि तुम्ही भावंडं, सारखे वाटे. पण मुलं आहेत. तिथेच संपलं."

वर्कीच्चन बहिणीकडे वळला. हाती काही लागणार नाही हे कळलं की माणसाची जीभ सुटते, आणि त्याची तर मुळातच सैल होती.

"घ्या! दलाली करायला हिलाच जायचं होतं एरुमेलीला. मला म्हणायची, 'घरात पोराचं रडणं नाही, अच्चाया, घर कसं भुताचं वाटतं.' ऐक आता रडणं."

आणि त्या क्षणी एलीक्कुट्टीच्या मनात एक विचार आला. ती दोघं नसती तर. दुसरं काही नाही, एवढंच. लिंटा आणि तिजो जन्मलेच नसते, तर घर अप्पच्चनचं झालं असतं, आणि अप्पच्चनने ते तिला दिलं असतं. विचार येऊन गेला आणि तिला भर दुपारी, पंख्याखाली, थंडी वाजली.

"मी काही मागू शकते का?" तिने विचारलं. "कुठे? कुणाकडे?"

वकील भले होते. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. "आई-वडील नातवंडांकडे पोटगी मागू शकतात. म्हाताऱ्यांसाठी तेवढा कायदा आहे. महिन्याला काही रक्कम ठरवून मिळेल. पण पोटगी म्हणजे घर नव्हे. तुमचं म्हणाल तर..." ते थांबले. "तुम्ही बहीण. तुम्हाला मागायलाही जागा नाही."

एलीक्कुट्टीला गावात सगळे ओळखत होते, आणि तरी तिच्याबद्दल सांगायचं म्हटलं तर कुणालाही दोन वाक्यांपुढे जाता आलं नसतं. मथाईची मुलगी. लग्न झालं नाही. एवढंच. का झालं नाही, तर ऐन बोलणी चालू असताना अम्मच्चीच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन निघालं आणि एलीच्या नावाने राखलेला जमिनीचा तुकडा त्यात गेला. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की घाई नाही, आम्ही थांबतो. मग त्यांनी त्याच वर्षी दुसरीकडे लग्न लावलं. अम्मच्ची बिछान्यातून उठली ती काठीच्या आधाराने, आणि ती काठी म्हणजे पुढची चाळीस वर्षं बहुतेक वेळा एलीच होती.

डोमिनिक धाकटा. आमच्याकडे घर धाकट्या मुलाला जातं आणि म्हातारे त्याच्यापाशी राहतात, त्याप्रमाणे अप्पच्चनने त्याला घर लिहून दिलं. दस्त लिहिणाऱ्याने विचारलंही होतं की राहण्याच्या हक्काची एक ओळ टाकू का. अप्पच्चनला ते इतकं लागलं की त्याने त्या माणसाचा चहासुद्धा घेतला नाही. पोटच्या पोराला आपण कोर्टात खेचणार आहोत की काय!

डोमिनिक पाद्री व्हायला सेमिनरीत गेला होता आणि दोन वर्षांनी परत आला होता. अशा माणसाला गाव काय काय म्हणतं ते सांगायला नको. देवाला नको झालेला, तो कुठल्या पोरीला हवा होणार, असं लोक त्याच्या देखत हसून म्हणायचे. तोही हसायचा आणि पहाटे उठून रबराचा चीक काढायला निघून जायचा. मग एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. जगतो का मरतो असा झाला. उठल्यावर पहिलं काम त्याने हे केलं, की एलीला बरोबर घेऊन मृत्युपत्र लिहिलं. "चेच्ची, मी काही लग्नबिग्न करत नाही. तुझा तुकडा गेला, हे घर तुझं." ती त्याला म्हणाली, वेडा आहेस का. पण कागद तिने आपल्या लग्नासाठी घेतलेल्या साडीच्या घडीत ठेवला, जी कधी नेसायची वेळच आली नव्हती.

ह्या बाईने खरं म्हणजे तिथेच गप्प बसायचं. भाऊ ब्रह्मचारी, घर आपल्या नावे, म्हातारे आपल्याच हातचं जेवतात. आणखी काय पाहिजे? पण तिला भावाचं ते एकट्याने पायरीवर बसून काळी कॉफी पिणं बघवेना. तीन वर्षं ती त्याच्या मागे लागली. मग एरुमेलीला स्वतः गेली, सालीला बघितलं, तिच्या आईशी बोलून आली. लग्नात चर्चच्या पायरीवर सालीचा पदर सारखा करताना एली रडली होती, आणि सगळ्यांना वाटलं स्वतःच्या नशिबाला रडते. खोटं आहे. ती आनंदाने रडत होती.

साली गेली तेव्हा लिंटा शाळेत जायला लागली होती आणि तिजो अजून भात कालवून दिल्याशिवाय जेवत नव्हता. पुढचं सगळं एलीने केलं. ताप, गोवर, गृहपाठ, पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा. पोरं तिला अम्मायी म्हणायची, म्हणजे आत्या. एकदा तिजो शाळेतून आला आणि म्हणाला, मी तुला आई म्हणू का? ती म्हणाली, नको रे, आई वरून ऐकते, तिला वाईट वाटेल. असली उत्तरं देऊन ठेवायची माणसाने, आणि मग आयुष्यभर निस्तरत बसायचं.

वकिलाकडून घरी आल्यावर तिने कुणाला काही सांगितलं नाही. अप्पच्चन ओसरीवर बसला होता. "काय म्हणाला फिलिपोस? कागद बघितला?"

"बघितला."

"मग झालं तर."

तिने पेज वाढली. अम्मच्चीला भरवताना ती मध्येच कपाटाकडे बघत राहिली, तेव्हा म्हातारीने चमचा स्वतःच्या हातात घेतला.

एक्केचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी तिजो कॅनडाहून परत आला. लिंटा आयर्लंडमध्ये नर्स होती, तिला पुन्हा रजा मिळाली नाही. तिने मुखत्यारपत्र भावाच्या नावे पाठवलं होतं. कबरीवर धूप झाला, जेवणं झाली, भांडी घासून झाली. त्यानंतर तिजो माडीवर फोनवर बोलत राहिला. एलीला खालून शब्द ऐकू यायचे. पाला गावचा माणूस. दगडाची खाण. रस्त्याकडची बाजू.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याजवळ येऊन बसला. ती कप्प्याचे कंद सोलत होती.

"अम्मायी, वारसाचा दाखला काढायचाय. व्हिलेज ऑफिसर जबाब घेतात, नातेवाइकांचा एक लागतो. येशील?"

"येईन की." आणि मग, सालं काढता काढता, "कशाला काढायचाय एवढ्या घाईने?"

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. लहानपणी काच फुटली की असंच करायचा. "बघू. नंतर बोलू."

व्हिलेज ऑफिसला जायला अप्पच्चनही हट्टाने निघाला. तिजोने त्याला धरून रिक्षात बसवलं, धरून उतरवलं. वर्कीच्चन आधीच येऊन बाकावर बसला होता. कशाला, ते त्यालाच ठाऊक.

व्हिलेज ऑफिसर एक मध्यमवयीन बाई होती. तिने डोमिनिकचं नाव, बापाचं नाव, मृत्यूची तारीख विचारली. पत्नी? मयत. मुलं? दोन. आणि मग एलीकडे बघून, "आपण मयताच्या कोण?"

"बहीण."

"ह्या दोन मुलांशिवाय मयताला आणखी मुलं, आधीच्या गेलेल्या मुलाची मुलं, कुणी वारस?"

एली काही बोलायच्या आत अप्पच्चन काठीवर जोर देऊन उठला.

"मी आहे. मी बाप आहे त्याचा. मला लिहा."

"बसा, अप्पच्चा," बाई मऊपणाने म्हणाली. "तुमचं नाव यात येत नाही."

"जिवंत आहे मी! दिसत नाही का? त्याची आई घरी आहे, तीही जिवंत आहे. रबराचं एकेक झाड मी लावलंय. माझं नाव येत नाही म्हणजे काय, मी मेलो?"

"नातवंडं आहेत ना तुम्हाला. नसती तर पहिलं तुमचंच नाव आलं असतं."

म्हाताऱ्याने तिजोकडे बघितलं. तिजोने त्याचा दंड धरलेलाच होता. मग म्हातारा काठी टेकत खाली बसला. ही दोघं नसती तर, हाच विचार एलीलाही एकदा शिवून गेला होता, आणि आता तो तिने बापाच्या तोंडावर उमटून पुसला जाताना पाहिला.

"सांगा," बाई तिला म्हणाली. "आणखी कुणी वारस?"

एली नाही म्हणाली नसती, तरी काही बिघडलं नसतं. शेजाऱ्यांचे जबाब होते, चर्चचा दाखला होता. तिच्या हातात अडवण्यासारखं काही नव्हतंच, आणि असतं तरी तिने अडवलं असतं का, कोण जाणे.

"नाही. ही दोघंच," ती म्हणाली आणि तिने सही केली.

बाहेर आल्यावर वर्कीच्चनला राहवेना. "वा! भावाने घर हिच्या नावे लिहिलं होतं, आणि ही स्वतःच्या सहीने सोडून आली."

तिजो थबकला. "काय लिहिलं होतं?"

"विचार तुझ्या अम्मायीला. मृत्युपत्र. तुझ्या बापाच्या लग्नाआधीचं. वकील म्हणतो, लग्न केल्यामुळे गेलं. आणि लग्न कुणी जमवलं? हिनेच!"

तिजोने रिक्षा करून दोघांना घरी आणलं. अप्पच्चनला पलंगावर निजवून तो स्वयंपाकघरात आला. "दाखव."

तिने साडीच्या घडीतून कागद काढून दिला. त्याने तो चुलीजवळ उभ्यानेच वाचला. बापाची सही होती तिथे त्याचा अंगठा थांबला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? कायदा बदलला असता?"

"अम्मायी, तू चाच्चनचं लग्नच कशाला लावून दिलंस? नसतं लावलं तर हे घर तुझं असतं."

"मग तू नसतास रे."

ती हे सहज बोलून गेली, मीठ कुठे ठेवलंय सांगावं तसं. मग ती पाटावर बसली.

"आणि ऐक. वकिलाकडे एक क्षण मला तेच वाटलं. तुम्ही दोघं नसतात तर. मी असं मनात आणलं, तिजो. ज्यांना न्हाऊमाखू घातलं त्यांच्याबद्दल. फादरपाशी कबूल करून आले, तरी जात नाहीये."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. पंचवीस वर्षांचा घोडा, पण रडायला लागला की ओठ अजून तसाच वाकडा व्हायचा. तिला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की नाही विकत.

"मी विसार घेतलाय, अम्मायी," तो म्हणाला. "पालाच्या माणसाकडून. तिकडच्या कर्जात भरूनही टाकला. परत द्यायला माझ्याकडे काही नाही. लिंटालाही तिचा हिस्सा हवाय, तिच्या नवऱ्याने दुकानाचं काढलंय. मी काय करू? सांग, मी काय करू?"

एलीला त्याच्यासाठीही वाईट वाटलं. हीच तर तिची खोड.

"अप्पच्चन, अम्मच्ची?"

"पोनकुन्नमजवळ सिस्टर्सचं होम आहे. चांगलं आहे. मी बोललोय. दोघांची खोली."

"दोघांची."

"हो. बाथरूम आतच आहे, अम्मच्चीला..." आणि तिथे तो अडखळला. ती त्याच्याकडे बघत होती. दोघांच्या खोलीत तिसरी खाट नसते, हे त्याच्या आता लक्षात आलं. खोटं कशाला सांगा, तोपर्यंत आलंच नव्हतं. ज्या माणसाने कधी काही मागितलं नाही, त्याच्यासाठी कुठे काही राखून ठेवायचं असतं, हे डोक्यात यायला वेळ लागतो.

त्याने तिथेच जमिनीवर बसून फोन लावला. फोन स्पीकरवर होता, आणि पलीकडच्या सिस्टरचा आवाज एलीला स्पष्ट ऐकू येत होता.

"आणखी एक बाई? कोण आहेत त्या?"

"बाबांची बहीण."

"नवरा?"

"नाही."

"मुलं?"

"नाही... म्हणजे, लग्न नाही झालं."

"मग अवघड आहे, मोने, बाळा. वर्षाचा खर्च, आजारपण, पुढचं सगळं. जबाबदारी घेणारं रक्ताचं, जवळचं कुणीतरी सहीला लागतं. त्यांचं आहे कोण?"

तिजोने एलीकडे पाहिलं. पलीकडून सिस्टरने दोनदा हॅलो म्हटलं.

"मी आहे," तो म्हणाला. "मी मुलगा आहे त्यांचा. मी सही करतो."

एलीने तोंडावर पदर दाबला. त्याच्या एक मुस्कटात द्यावी असं तिला वाटलं आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच तिच्याने झालं नाही. सिस्टर त्या बाईचं पूर्ण नाव विचारत होत्या, आणि तिजो ते एकेक अक्षर सावकाश सांगत होता.